पहिल्या दोन बरण्या आणि घरी ठेवलेली तिसरी

प्रश्न: निवृत्तीनंतर घरचं कैरीचं लोणचं पहिल्यांदाच ऑनलाइन विकलं. पार्सल पोहोचून पाच दिवस झाले, ग्राहकाकडून एक शब्द नाही. जीव टांगणीला लागलाय. तुमच्या पहिल्या वेळी काय झालं होतं?

माझ्या पहिल्या ग्राहकाचा अभिप्राय पार्सल पोहोचल्यावर नवव्या दिवशी आला. ते नऊ दिवस मी कसे काढले ते सांगते, कारण लोणचं विकण्यातलं जे काही मला आज कळतं त्यातलं बरंचसं त्या दिवसांतलं आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. प्रयोग करताना एक परीक्षानळी तशीच बाजूला ठेवायची, म्हणजे दुसरीत काय बदललं ते कळतं, हे मुलांना इतक्या वेळा सांगितलं होतं की पहिली ऑर्डर आली तेव्हा हात आपोआप तसाच चालला. दोन बरण्यांची मागणी होती. मी त्याच घाण्यातून, त्याच दिवशी, तितक्याच उंचीपर्यंत तीन भरल्या. तिसरी घरी फडताळात ठेवली आणि तिला मनातल्या मनात साक्षीदार म्हणायला लागले.

प्रमाण नेहमीचंच होतं: किलोभर फोडींना २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, वर फोडणी करून पूर्ण गार केलेलं तेल. घातल्यापासून आठव्या दिवशी बरण्या भरल्या. फोडींच्या वर बोटभर तेल होतं आणि ते थेट झाकणापर्यंत आलं होतं. भरलेली बरणी किती छान दिसते म्हणून मी खूश होते. नवव्या दिवशी पार्सल निघालं.

पार्सल निघाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी सहज फडताळ उघडलं आणि पोटात गोळा आला. साक्षीदार बरणीतलं तेल बोटभराहून जास्त खाली गेलं होतं. एका फोडीची कड तेलाच्या वर, कोरडी, उघडी. आता हीच कड पार्सलातल्या बरणीतही उघडी पडली असणार!

तेल काही बुरशीला मारत नाही, ते फक्त हवा अडवतं. टिकवण्याचं खरं काम मीठ आणि कैरीचा आंबटपणा करतो, पण वर डोकावणाऱ्या फोडीवर हवेतली बुरशी बसलीच तर ती तिथूनच सुरू होते. मग तेल गेलं कुठे? बरणी गळली नव्हती. मी कोरडी विणायची सुई घेऊन काचेच्या कडेने खाली घातली, तर टपटप बुडबुडे वर आले. भरताना फोडींच्या मध्ये हवा अडकली होती. ती हळूहळू निघाली आणि तिच्या जागी तेल उतरलं. शिवाय मोहरीची डाळ पहिले कित्येक दिवस तेल पीत राहते. मोठ्या बरणीत हे लक्षात येत नाही, कारण आपण अधूनमधून ढवळतो. छोट्या बरणीत भरून झाकण लावलं की ढवळणारं कुणी नसतं.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. हे म्हणाले, "अगं, अजून पार्सल पोहोचलंही नाही." तेच तर होतं, मी काहीच करू शकत नव्हते.

पार्सल पोहोचल्याचा संदेश आला त्याच संध्याकाळी मी ग्राहकाला लिहिलं. दहा वेळा खोडून शेवटी चार वाक्यं राहिली: बरणीतलं तेल थोडं खाली गेलेलं दिसेल. कोरड्या चमच्याने फोडी दाबून तेलाखाली घाला, कमी वाटलं तर गरम करून पूर्ण गार केलेलं तेल वरून ओता. झाकण फुगलेलं दिसलं, उघडताना फसकन आवाज आला किंवा वर पांढरं-हिरवं काही दिसलं तर चाखू नका, टाकून द्या. पैसे परत करीन. मुलगी म्हणाली, "आई, तू आपणहून खोट दाखवतेस." मला ते खोट दाखवणं वाटलं नाही. माझ्या स्वयंपाकघरातून गेलेलं कुणाच्या तरी ताटात पडणार होतं.

उत्तर आलं नाही. वाचल्याची खूण दिसत होती, बस्स. मग माझा रोजचा नेम झाला. सकाळी साक्षीदार उघडायची, वास घ्यायचा, झाकणाची आतली बाजू बघायची. सुईने हवा काढून, तेल घालून ती पुन्हा बंद केली होती. चार दिवस पातळी जागची हलली नाही तेव्हा जरा श्वास घेतला. तुम्ही त्या घाण्यातली एखादी बरणी घरी ठेवली असेल तर आजच उघडून बघा. ग्राहकाकडची वाट बघण्यापेक्षा ती लवकर बोलते.

नवव्या दिवशी अभिप्राय आला. पाचपैकी चार तारे. "चव घरच्यासारखी. पण मीठ जास्त आहे आणि बरणीला बाहेरून तेल लागलेलं होतं. काकूंनी आधीच कळवलं ते आवडलं."

तेलाचं कारण मला लगेच समजलं. १०० मिली तेल २० अंशांनी तापलं तर साधारण दीड मिली वाढतं. पार्सलाच्या गाडीत इतका उकाडा सहज होतो, आणि काठोकाठ भरलेल्या बरणीत त्या दीड मिलीला झाकणाच्या आट्यांमधूनच वाट मिळते. आता मी फोडी कमी भरते, म्हणजे त्यांच्यावर बोटभर तेल येऊनही झाकणाखाली दीड सेंटीमीटर जागा मोकळी राहते. सुईने हवा काढते, रात्रभर तशीच ठेवते, सकाळी उतरलेलं तेल भरून काढते. मग झाकण घट्ट लावून बरणी वर्तमानपत्रावर एक रात्र उलटी. कागदावर तेलाचा ठिपका पडला तर झाकण बदलायचं.

मिठाचं मात्र मला लागलं. २०० ग्रॅम हे आमच्या घरात कायमचं माप, त्याला कधी कुणी खारट म्हटलं नव्हतं. दोन दिवसांनी साक्षीदारातली एक फोड धुऊन, मधोमध कापून चाखली. साल आणि बाहेरचा खार खूप खारट, आतला गर जवळजवळ अळणी. मीठ जास्त नव्हतं, ते अजून बाहेरच होतं. आमच्याकडे लोणचं महिनाभर मुरल्याशिवाय ताटात येतच नाही, आणि ग्राहकाने ते मिळाल्यापासूनच खायला घेतलं होतं. तिची काहीच चूक नव्हती. बरणीवर मी कुठे लिहिलं होतं? आता लेबलवर दोन तारखा असतात, एक घातल्याची आणि दुसरी "यानंतर उघडा" अशी.

तिला तसं कळवलं, आणि दुसरी बरणी उघडली नसेल तर तीन आठवडे थांबा म्हटलं. महिन्याभराने संदेश आला: "काकू, मीठ आता बरोबर लागतंय. फक्त फोडी मऊ पडल्यात, मला पहिल्या बरणीतल्या करकरीत आवडल्या होत्या." मुरणं आणि करकरीत राहणं दोन्ही एका बरणीत कसं जमवायचं, त्यासाठी सध्या कोय धरायला लागलेल्या टणक कैरीच्या जाड फोडी करून बघतेय. फडताळात या वेळी तीन साक्षीदार आहेत.