वर्षभराच्या चारोळ्या आणि राखीव डबा

प्रश्न: मी चारोळ्या लिहितो. वर्षभराच्या पोस्ट चित्रांच्या कार्डांसह आधीच शेड्यूल करायच्या आहेत. किती लिहून ठेवू, आणि जास्तीच्या किती?

मी आठवड्याला तीन टाकते, म्हणजे ५२ आठवड्यांच्या १५६. चार-चार आठवड्यांचा एक विषय धरला की १३ विषय होतात आणि प्रत्येकाला १२ चारोळ्या लागतात. रोज एक टाकायचा मोह होईल, पण ३६५ चांगल्या चारोळ्या माझ्याच्याने तरी वर्षात होत नाहीत.

राखीव मी २० ठेवते, आणि खरं डोकं तिथेच लागतं. पहिल्या वर्षी विषयांतून उरलेल्या, थोड्या कच्च्या चारोळ्याच मी राखीव म्हणून ठेवल्या होत्या. मग एका दुपारी मोठ्या अपघाताची बातमी आली आणि संध्याकाळी माझी मिश्कील चारोळी ठरल्या वेळी जाणार होती. ती थांबवली, पण बदली शोधायला गेले तर डब्यात सगळ्या पावसाच्या आणि प्रेमाच्या! तेव्हापासून राखीव चारोळी मुद्दाम लिहिते: तिच्यात ऋतू नाही, सण नाही, 'आज' किंवा 'काल' नाही. वीसपैकी सहा अगदी शांत सुराच्या असतात, अशा दिवसांसाठी. त्यांची कार्डंही तयारच असतात, साध्या फिक्या रंगाची, म्हणजे कुठल्याही विषयाच्या मध्ये आली तरी खटकत नाहीत. डबा दहावर आला की नवीन विषय थांबवून आधी तो भरते.

फाइलच्या नावात तारीख घालू नका. मी घातली होती. एक पोस्ट पुढे ढकलली, तिच्यानंतरची सगळी नावं खोटी ठरली आणि एकच चारोळी दोनदा गेली. आता विषय आणि क्रमांक एवढंच: `07-03.png` म्हणजे सातव्या विषयातली तिसरी, `R-11.png` म्हणजे राखीव अकरावी. तारीख फक्त तक्त्यात, शेजारी 'गेली' असा रकाना. कार्डावरही तारीख छापू नका.

कार्डाचा साचा सुंदर चारोळीवर बेतू नका, सगळ्यात लांब ओळीवर बेता. ती मावली की बाकीच्या आपोआप मावतात आणि प्रत्येक कार्डावर अक्षर लहान-मोठं करावं लागत नाही. मी १०८० बाय १३५० पिक्सेलचं उभं कार्ड करते. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरचे उकार खालच्या रफारात अडकतात. 'सूर्य', 'कर्पूर' असे शब्द एकाखाली एक लिहून फोनवर बघा, लगेच कळतं. फॉन्टही मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' देणारा निवडा. चित्रातला मजकूर शोधात सापडेलच असं नाही, म्हणून चारोळी खाली मजकुरातही टाका.

आणि तक्ता वर्षाचा असला तरी शेड्यूल मात्र महिन्याभराचंच लावा. आपलीच ओळ सहा महिन्यांनी वाचली की कुठला शब्द जास्तीचा आहे ते दिसतं, आणि तोवर ती लोकांसमोर गेलेली नसते.