गाडीत शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलावं का?

कोल्हापूर-मुंबई रात्रीच्या ट्रेननं नेहमी जातो, शेजारच्यांना स्वतःहून नमस्कार करावा का गप बसावं?

महालक्ष्मीनं जात असाल तर चढल्या चढल्या, सामान सीटखाली सरकवतानाच करा. कारण तिथं सहा-आठ जणांना रात्रभर एकाच खणात राहायचंय आणि मधला बर्थ रात्री 10 पासून सकाळी 6 पर्यंतच उघडता येतो, त्यामुळं खालच्या बर्थवाल्याशी दोन शब्द आधी झालेले असले की "काका, लवकर झोपणार काय? मग मधला टाकूया" एवढं सहज विचारता येतं, आणि चार्जिंगला लावलेल्या मोबाईलवर लक्ष ठेवा म्हणायलाही संकोच वाटत नाही.

सुरुवात "नमस्कार, कुठपर्यंत?" एवढीच पुरे. उत्तर "पुण्यापर्यंत, तुम्ही?" असं आलं तर बोलायचं, नुसतं "पुणे" म्हणून मान परत मोबाईलात गेली तर तिथंच थांबायचं, दुसरा प्रश्न नको. आपल्याकडं गाव, आडनाव, नोकरी, लग्न सगळं पाच मिनिटात विचारायची सवय आहे, ती एकट्या प्रवास करणाऱ्या बाईला खरंच त्रासाची होते, कुठं उतरणार हेसुद्धा तिला सांगायचं नसतं. तिथं बॅग ठेवायला जागा करून द्या, बास.

हेडफोन घातलेला, झोपलेला, फोनवर रडवेला झालेला माणूस असेल तर नाहीच. मिरज-सांगलीला रात्री चढलात आणि लोक आडवे झाले असतील तर हळूच आपला बर्थ गाठा. एसटीत गर्दीत उभं असताना "जरा सरकता का दादा" हाच नमस्कार.