आधी पॅनेल, मग उमेदवार

अगं, इंटरव्ह्यूची वेळ ठरवताना पॅनेलच्या ग्रुपवर "कधी जमेल?" असं विचारू नकोस. तिघांची नऊ उत्तरं येतात. ज्याला सगळ्यात कमी वेळ असतो, त्याच्यापासून सुरुवात कर. आमचे डायरेक्टर हिंजवडीला मंगळवार-गुरुवारीच येतात, म्हणून मी आधी त्यांच्याकडून तीन स्लॉट घेते आणि बाकी दोघांना एवढंच विचारते, "यातले कोणते चालतील?" बहुतेकदा दोन उरतात. त्या दोन्हींवर तिघांच्या कॅलेंडरला होल्ड टाकायचा, मुदतीसकट: "बुधवारी ५ पर्यंत राखीव". त्यात उमेदवाराचा मेल आयडी मात्र घालू नकोस, नाहीतर आमंत्रण त्यालाही जाईल. हे मी करून बसले आहे!

कॅलेंडर रिकामं दिसलं म्हणून माणूस मोकळा आहे असं नाही, तोंडी हो घेच. लंडनच्या टीमबरोबरचा दीडचा कॉल ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं बदलली की आपल्याकडे अडीचला सरकतो. एकदा माझे दोन इंटरव्ह्यू त्यातच अडकले.

तिघांचा होकार आला की दोन्ही वेळा उमेदवाराला कळव. त्याने एक निवडली, की दुसरा होल्ड तेव्हाच काढ. पडून राहिला तर पुढच्या वेळी तुझे होल्ड कोणी मनावर घेणार नाही.