गोंगाटातलं डिक्टेशन वाचताना

नवीन आहात म्हणून आधी एक सांगतो: वाक्य सफाईदार दिसलं म्हणून ते बोललं गेलंच असं धरू नका. आवाज अस्पष्ट असला की बोलणं ऐकून त्याचा मजकूर करणारी प्रणाली जागा रिकामी ठेवेलच असं नाही, ती जवळचा ओळखीचा शब्द बसवते. निव्वळ शांततेत किंवा पंख्याच्या घरघरीत ‘पाहिल्याबद्दल धन्यवाद’ असं उमटलेलंही आढळतं, कारण काही प्रणाली व्हिडिओंच्या उपशीर्षकांवर शिकलेल्या असतात.

समजा मजकूर असा आला: ‘काल ठीक आहे ची नळी फुटली पुढील बातम्या दोन पोती युरिया आणा.’ विषय शेतीचा आहे. ‘पुढील बातम्या’ हा टीव्हीचा आवाज, तो बाजूला काढा. उरलेलं मोठ्यानं, भरभर वाचा. ‘ठीक आहे ची’ म्हणजे ‘ठिबकची’ हे कानाला लगेच कळतं. डोळ्यांना ते सहज दिसत नाही.

‘दोन’ मात्र अंदाजानं मान्य करू नका. आकडे, नावं आणि ‘नाही’ यांची चूक बहुतेकदा संदर्भातून पकडता येत नाही. ध्वनिमुद्रण असेल तर तेवढा तुकडा ऐका, नसेल तर बोलणाऱ्याला विचारा. तोवर तिथं ‘अस्पष्ट’ लिहा.