स्लाइडवर ब्रॉंकस की ब्रॉंकिओल?

प्रश्न: दोन्हींच्या पोकळीला घड्या दिसतात, मग फरक कसा ओळखायचा?

घड्यांवर जाऊ नका. भिंतीतला स्नायू आकसला की दोन्हीकडे घड्या पडतात, मी स्वतः त्यावरच फसलो होतो. आधी कूर्चा शोधा. श्वासनलिकेत ती सी-आकाराच्या कड्यांची असते आणि मागची उघडी बाजू स्नायू सांधतो. फुफ्फुसातल्या ब्रॉंकसमध्ये मात्र तिचे सुटे तुकडे होतात. एखाद्या छेदात एकच तुकडा कडेला सापडतो, म्हणून भिंतीचा पूर्ण घेर फिरून बघा. तुकडा हुकला तरी स्नायूच्या बाहेर ग्रंथी दिसल्या, तर तो ब्रॉंकसच.

ब्रॉंकिओलमध्ये कूर्चाही नाही, ग्रंथीही नाहीत. व्यास साधारण 1 मिमी किंवा त्याहून कमी, आणि लहानशा पोकळीच्या मानाने स्नायूचा थर ठळक. आतलं उंच, केसाळ अस्तर पुढे बुटकं होत जातं, गॉब्लेट पेशी संपतात आणि घुमटासारख्या डोक्याच्या क्लब पेशी दिसू लागतात.

टर्मिनल ब्रॉंकिओलची भिंत सलग असते. तीच मध्येमध्ये तुटून तिथे वायुकोश उघडताना दिसले, की ती रेस्पिरेटरी ब्रॉंकिओल. वायूंची देवाणघेवाण इथूनच सुरू होते.