हेझी आयपीए बिअर ढगाळ का दिसते आणि ज्युसी का लागते

अरे, तो ढगाळपणा म्हणजे नुसतं यीस्ट तरंगतंय असं समजू नकोस. ओट्स आणि गव्हातलं प्रोटीन बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या हॉप्सच्या फुलांमधल्या पॉलिफेनॉलला चिकटतं आणि ते बारीक कण खाली बसतच नाहीत, खरं धुकं तेच. आता हॉप्सचं बघ, तासभर उकळलेस तर कडूपणा येतो पण वासाचं तेल वाफेबरोबर उडून जातं, म्हणून २० लिटरच्या बॅचला उकळताना अगदी थोडेच टाक, मग गॅस बंद करून वर्ट, म्हणजे ते उकळलेलं माल्टचं गोड पाणी, ८० डिग्रीच्या खाली आलं की ६० ग्रॅम सिट्रा जातीचे हॉप्स टाकून २० मिनिटं ठेव, आणि फर्मेंटेशन संपत आलं की १०० ग्रॅम ड्राय हॉप, म्हणजे हॉप्स न उकळता तसेच टाक. ३-४ दिवसांत बाटल्या भर, नाहीतर गवताळ चव उतरते.

यीस्ट मात्र लंडन एल थ्री किंवा व्हरमाँटचं कोनन घे. कोनन स्वतःच पीच-जर्दाळूचा वास देतं, आणि लंडन एल थ्री थोडी साखर मागे ठेवतं म्हणून तोंडात रसाळ, भरल्यासारखं लागतं. स्वच्छ चवीचं अमेरिकन यीस्ट घेतलंस तर तेच हॉप्स कोरडे वाटतील.

ड्राय हॉपनंतर झाकण उगाच उघडू नकोस हां, हवा लागली की पिवळा रंग करडा पडतो, फळांचा वास जातो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखं लागायला लागतं.