रेडियल म्हणजे ज्वालामुखी असेलच असं नाही

प्रश्न: बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधून नद्या चारही बाजूंना जाताना नकाशावर दिसतात. ही रेडियल प्रणाली आहे, मग तिथे जुना ज्वालामुखी होता असं समजायचं का?

नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. दहिसर, पोईसर आणि ओशिवरा पश्चिमेकडे जातात, मिठी दक्षिणेला माहीमच्या खाडीकडे वळते आणि पूर्वेकडचे ओढे ठाण्याच्या खाडीत उतरतात. यातून इतकंच कळतं की मधला भाग उंच आहे. पाणी उंचावरून सगळीकडे उतरणारच. तो उंचवटा ज्वालामुखीचा आहे, खालून फुगून वर आलेला घुमट आहे की भोवतालचा भाग झिजून उरलेला डोंगर, हे रेडियल आकार सांगत नाही. मुंबईत स्फोटातून साचलेली राख आणि ब्रेशिया, म्हणजे टोकदार तुकडे घट्ट होऊन बनलेला खडक, सापडतात खरे, पण ज्वालामुखीचा तो पुरावा खडकातून मिळतो, ओढ्यांच्या दिशेतून नाही.

खडकाबद्दल कळायला नजर एका पायरीने खाली न्या. पार्कातला एकच ओढा घ्या आणि त्याला मिळणारे बारीक ओहळ पेन्सिलने काढा. ते झाडाच्या फांद्यांसारखे लघुकोनात मिळत असतील तर ती डेंड्रिटिक प्रणाली. याचा अर्थ, उतारावरचा खडक कोणत्याही एका दिशेने जास्त सहज झिजत नाही. दख्खनच्या बसाल्टवर हा आकार सर्रास दिसतो, कारण लाव्हाचे थर बहुतेक ठिकाणी जवळजवळ आडवे आहेत. पण याच आकारावरून खडक बसाल्टच आहे असं मात्र ठरवू नका. एकसंध ग्रॅनाइटवर किंवा आडव्या गाळाच्या खडकांवरही अगदी असंच जाळं तयार होतं.

ट्रेलिस, म्हणजे जाळीसारख्या प्रणालीची गोष्ट वेगळी. त्यासाठी कठीण आणि मऊ थर आलटून पालटून, तेही तिरके किंवा घड्या पडलेले हवेत. मोठे प्रवाह मऊ पट्ट्यांतून समांतर वाहतात आणि कठीण कड्यांवरून उतरणारे आखूड ओहळ त्यांना जवळजवळ काटकोनात मिळतात, जसे अमेरिकेतल्या अॅपलेशियन डोंगररांगांत. मुंबईतले थर पश्चिमेकडे कललेले आहेत, तरी तसं ठळक ट्रेलिस इथे दिसत नाही.

ओढ्यात सरळ पट्टा आणि एकदम काटकोनी वळण दिसलं की तडा किंवा भ्रंश, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचा खडक सरकला आहे अशी भेग, असल्याची शंका घ्यावी, पण लगेच निष्कर्ष काढू नये. आधी शेजारचे दोन-तीन ओढेही त्याच दिशेला वळतात का ते पाहा. वळत असतील तर मुद्दा भक्कम होतो. शहरात हे जास्तच जपून करावं लागतं. विमानतळाजवळची मिठीची काटकोनी वळणं धावपट्टीसाठी माणसाने केलेली आहेत, त्यांचा खडकाशी संबंध नाही. शिवाय तिचा उगमाकडचा भाग 1860 मध्ये पूर्ण झालेल्या विहार तलावाने अडवलेला आहे. म्हणून मी असा अभ्यास पार्कच्या हद्दीतल्या, अजून मोकळ्या वाहणाऱ्या ओढ्यांवरच करेन. तिथेही सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 नकाशावर अगदी बारीक ओहळ सुटतात, तेव्हा समोच्च रेषा जिथे चढाच्या दिशेने टोकदार वळतात त्या जागा जोडून ते स्वतः काढावे लागतात.